दर बिटला सहा डेसिबल: क्वांटायझेशन नॉइजचे की सगळ्या नॉइजचे?

व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप म्हणजे एडीसी. १२ बिटचा एडीसी काढून १६ बिटचा बसवला. चार बिट वाढले म्हणजे २४ डेसिबल मिळायला हवेत, पण हाती आले जेमतेम तीन. मग चिपवर संशय, लेआउटवर संशय, शेवटी डेटाशीट लिहिणाऱ्यावर संशय. बहुतेक वेळा चिप ठणठणीत असते. दर बिटला सहा डेसिबल हा नियमही खरा आहे. फक्त तो एका विशिष्ट नॉइजबद्दल आहे आणि लोक तो सरसकट सगळ्या नॉइजला लावतात.

नॉइज दोन आहेत. एक सर्किटचा: रेझिस्टरचा थर्मल नॉइज, अँप्लिफायरचा नॉइज, सप्लायमधून झिरपणारी कुरकुर. तो एडीसीपर्यंत पोचायच्या आधीपासून सिग्नलवर बसलेला असतो, आणि पुढे किती बिटची चिप आहे याची त्याला खबरही नसते. हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

दुसरा क्वांटायझेशनचा. एडीसीला सलग व्होल्टेज सांगता येत नाही, ठरावीक पायऱ्यांपैकी जवळची पायरी तेवढी सांगता येते. खरं व्होल्टेज आणि सांगितलेली पायरी यांतला फरक म्हणजे क्वांटायझेशनची चूक. पायरीची उंची q धरली तर आदर्श एडीसीत ही चूक −q/2 ते +q/2 यांच्या बाहेर जात नाही. सिग्नल बऱ्याच पायऱ्या ओलांडत खालीवर होत असेल, तर या पट्ट्यातली कोणतीही चूक जवळजवळ सारख्याच शक्यतेची असते. अशा चुकीच्या वर्गाची सरासरी काढली की q²/12 येतं. हीच क्वांटायझेशन नॉइजची पॉवर, आणि तिचं वर्गमूळ, म्हणजे q भागिले ३.४६, हे त्याचं आरएमएस व्होल्टेज.

आता एक बिट वाढवा. पायऱ्या दुप्पट होतात, रेंज तीच राहते, म्हणून q निम्मा होतो. पॉवर q च्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती निम्मी होत नाही, चौथाई होते. चारचं दशमान लॉगॅरिदम ०.६०२, गुणिले दहा, म्हणजे ६.०२ डेसिबल. 'दुप्पट म्हणजे तीन डेसिबल' हे घोकलेलं वाक्य इथे आडवं येतं. ते पॉवरच्या दुपटीसाठी आहे, आणि इथे दुप्पट झाल्या आहेत त्या व्होल्टेजच्या पायऱ्या. यापलीकडे यात गूढ काही नाही.

पूर्ण रेंज भरणाऱ्या साइन वेव्हची पॉवर वर ठेवली, q²/12 खाली ठेवलं, की सिग्नल-नॉइज गुणोत्तराचं, म्हणजे एसएनआरचं, सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र येतं. N म्हणजे बिटची संख्या:

```
SNR = 6.02 N + 1.76 dB
```

यातला १.७६ हा निसर्गाचा स्थिरांक असल्यासारखा वापरला जातो, त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. तो फक्त पूर्ण रेंज भरणाऱ्या साइनसाठी आहे. तुमचा सिग्नल रेंजचा अर्धाच भाग वापरत असेल तर सहा डेसिबल तिथेच गेले, म्हणजे विकत घेतलेला एक बिट रिकामाच पडून आहे. बिट वाढवण्याआधी गेन तपासा.

आता मूळ दुखणं. सोयीसाठी ४.०९६ व्होल्टची रेंज घेऊ, म्हणजे १२ बिटला पायरी बरोबर १ मिलिव्होल्टची होते. पूर्ण रेंजच्या साइनचं आरएमएस व्होल्टेज १.४४८ व्होल्ट. क्वांटायझेशन नॉइज २८९ मायक्रोव्होल्ट. दोघांचं गुणोत्तर काढलं तर ७४ डेसिबल येतात, सूत्र म्हणतं तसेच. पण समजा एडीसीच्या आधीच्या सर्किटचा नॉइज ३०० मायक्रोव्होल्ट आरएमएस आहे. स्वस्तातला अँप्लिफायर आणि गर्दीचा बोर्ड असला की एवढा सहज होतो. हे दोन नॉइज एकमेकांशी संबंध नसलेले, म्हणून त्यांच्या पॉवरची बेरीज करायची. व्होल्टेजची नाही, आणि डेसिबलची तर मुळीच नाही. वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या: ४१६ मायक्रोव्होल्ट. मिळणारा एसएनआर ७०.८ डेसिबल.

१४ बिटवर जा. क्वांटायझेशनचा वाटा ७२ मायक्रोव्होल्टवर आला. नियम पाळला गेला, दोन बिटला तो बरोबर १२ डेसिबलने उतरला. सर्किटचे ३०० मात्र जागच्या जागी. एकूण नॉइज ३०९, एसएनआर ७३.४. बारा डेसिबलच्या अपेक्षेपोटी पदरात पडले २.६. १६ बिटला क्वांटायझेशन १८ मायक्रोव्होल्ट, एकूण ३००.५, एसएनआर ७३.७. शेवटच्या दोन बिटांनी पाव डेसिबलसुद्धा धड दिला नाही. हे ७३.७ सूत्रात उलटे घातले तर N येतो ११.९. याला प्रभावी बिट म्हणतात. तर १६ बिटची चिप लावून काम चाललंय १२ बिटचं, आणि त्यात चिपचा काडीचाही दोष नाही. हलणाऱ्या दोरीची लांबी बारीक खुणांच्या पट्टीने मोजली म्हणून दोरी हलायची थांबत नाही.

इथपर्यंत पटतं, पण लगेच पुढचा गोंधळ सुरू होतो: 'शेवटी दोन्ही नॉइजच ना, मग सरासरी घेऊन दोन्ही घालवू.' इथे थांबून नीट बघण्यासारखं आहे, कारण दोघांचा स्वभाव नेमका इथेच उघडा पडतो.

तोच १२ बिटचा एडीसी, आणि इनपुटला एकदम स्थिर १.०००३ व्होल्ट. सर्किटचा नॉइज शून्य आहे अशी कल्पना करा. पहिलं रीडिंग १०००, दुसरं १०००, हजारावं १०००. सरासरीही १०००. ०.३ मिलिव्होल्टची चूक प्रत्येक वेळी तीच, त्याच दिशेने. लाख रीडिंग घेतली तरी ती हलणार नाही, कारण ही चूक यादृच्छिक नाहीच. ती इनपुटने पूर्णपणे ठरवलेली आहे. तिला नॉइज म्हणणं ही एक सोय आहे. सिग्नल पुरेसा मोठा आणि हालता असेल तर ती नॉइजसारखी पसरते, आणि कोणत्या परिस्थितीत तसं मानता येतं याचं गणित बेल लॅब्सच्या डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८ मध्येच मांडून ठेवलंय. सिग्नल दोनचार पायऱ्यांएवढाच असेल तर ही सोय मोडते. मग ती चूक सपाट पसरत नाही, स्पेक्ट्रममध्ये हार्मोनिक्स बनून उभी राहते.

आता सर्किटचा ३०० मायक्रोव्होल्टचा नॉइज परत आणा. तो पायरीच्या ०.३ पट आहे. आता साधारण चारातलं एक रीडिंग १००१ येतं, क्वचित एखादं ९९९, बाकी १०००. सरासरी १०००.२५ च्या आसपास स्थिरावते. खरं उत्तर १०००.३ होतं. म्हणजे ज्याला आपण शिव्या घालत होतो त्या नॉइजने पायरीच्या आत डोकावायची वाट करून दिली. उरलेली ०.०५ पायरीची खोटही, नॉइज अर्ध्या पायरीएवढा असता तर जवळजवळ नाहीशी झाली असती. मुद्दाम असा नॉइज मिसळण्याला डिदर म्हणतात. सर्किटच्या नॉइजवर सरासरी चालते, चार रीडिंगला सहा डेसिबल या दराने. क्वांटायझेशनच्या चुकीवर ती चालायला आधी सर्किटच्या नॉइजची मदत लागते. म्हणून 'सरासरी घेतली की बिट वाढतात' असं नुसतं लिहून मोकळं होणं मला पटत नाही. सरासरीने बिट वाढतात ते नॉइज पुरेसा असेल तेव्हाच, आणि तेही चारपट रीडिंगमागे एक.

आपल्या बोर्डवर कोणता नॉइज वरचढ आहे हे कळायला स्पेक्ट्रम अनॅलायझर लागत नाही. इनपुटला शांत स्थिर व्होल्टेज द्या, काही हजार रीडिंग घ्या आणि कोणता कोड, म्हणजे एडीसीने दिलेला कोणता आकडा, किती वेळा आला ते मोजा. व्होल्टेज रेंजच्या मधलं हवं. इनपुट सरळ ग्राउंडला जोडण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते, पण फक्त धन व्होल्टेज मोजणाऱ्या एडीसीत शून्याखालचे कोड नसतातच. तिथे नॉइजचा अर्धा भाग शून्याच्या कोडवर जाऊन चेपतो आणि सर्किट आहे त्यापेक्षा शांत दिसतं. मधलं व्होल्टेज देऊन एकच कोड, फार तर शेजारचे दोन, दिसत असतील तर क्वांटायझेशन वरचढ आहे किंवा तोडीस तोड आहे. बिट वाढवण्यात अर्थ आहे. आपल्या १६ बिटच्या उदाहरणात पायरी ६२.५ मायक्रोव्होल्टची आणि नॉइज ४.८ पायऱ्यांचा, त्यामुळे तीसेक कोड पसरलेले दिसतील. असा पसारा दिसत असताना १८ बिटची चिप मागवणं हा निव्वळ हट्ट.

सर्किटचा नॉइज उतरवायचा तर त्याची किंमत वेगळ्या नाण्यात मोजावी लागते. एडीसीच्या आत व्होल्टेज पकडून ठेवणारा कपॅसिटर १० पिकोफॅरडचा असेल तर खोलीच्या तापमानाला त्याचा एकट्याचा थर्मल नॉइज २० मायक्रोव्होल्ट होतो. म्हणजे आपल्या १६ बिटच्या क्वांटायझेशन नॉइजपेक्षा किंचित जास्तच. तो निम्मा करायला कपॅसिटर चौपट लागतो, आणि तो चौपट कपॅसिटर तेवढ्याच वेळात भरायला एडीसीच्या आधीच्या अँप्लिफायरला चौपट करंट पुरवावा लागतो. पायऱ्या दुप्पट करणं कागदावर एका बिटचं काम आहे, त्या पायऱ्यांना अर्थ देणं नाही.

या स्थिर व्होल्टेजच्या चाचणीत एक गोष्ट मात्र सापडत नाही: सॅम्पलिंग क्लॉकची थरथर. इनपुट हलतच नसेल तर तो थोडा आधी पकडला काय आणि थोडा नंतर पकडला काय, उत्तर तेच. पण १ मेगाहर्ट्झची साइन द्या आणि क्लॉक १०० पिकोसेकंद आरएमएसने थरथरत असेल, तर एसएनआर ६४ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही, मग चिपवर १२ बिट लिहिलेले असोत की २४. म्हणून वेगवान सिग्नल मोजणाऱ्यांनी कोड मोजून झाल्यावर खऱ्या फ्रिक्वेन्सीची साइन देऊन एसएनआरही मोजावा. फ्रिक्वेन्सी दुप्पट केल्यावर एसएनआर सहा डेसिबलने घसरला तर दोष क्लॉकमध्ये शोधा.