बांधकामाधीन घराचा विमा

घर बांधून पूर्ण होण्याआधी त्याला असलेल्या नुकसानीच्या धोक्यांसाठी घेतला जाणारा विमा. यात एकाच जागेवर दोन वेगळी विमापत्रे येऊ शकतात. एक घरमालकाचे गृहविमा पत्र आणि दुसरे बांधकामाचे, ज्याला विमा व्यवसायात ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क्स’ (संक्षेपाने ‘कार’) पॉलिसी म्हणतात. या प्रकारच्या पहिल्या विम्याचा उल्लेख लंडनमधील लॅम्बेथ पुलाच्या 1929 सालच्या कामासंदर्भात केला जातो. मोठ्या पुलांसाठी घडलेला हा विमा आज एकमजली घरासाठीही घेता येतो आणि त्याच्या अटींचा साचाही बहुतेक तोच राहतो. प्रत्यक्ष शब्दरचना विमा कंपनीगणिक बदलते, म्हणून पुढील वर्णन प्रचलित साच्याचे आहे असे समजावे.

साधा गृहविमा पुऱ्या झालेल्या, राहत्या घरासाठी असतो. दारे-खिडक्या बसलेल्या आहेत, छप्पर झाकलेले आहे, घरात माणसांचा वावर आहे, हे धरूनच त्याचा हप्ता ठरतो. उघड्या विटांच्या भिंती, पावसात भिजणारे सिमेंट आणि रात्री राखणीशिवाय पडलेली सळई या त्याच्या हिशेबात नसतात. त्यामुळे अर्धवट बांधकाम कोसळणे, न बसवलेले सामान चोरीला जाणे, उघड्या छतातून पाणी शिरणे असे दावे या पत्रावर सहसा नाकारले जातात. जुन्या घरावर मजला चढवताना तर राहत्या भागाचे संरक्षणही डळमळीत होते. रचनेतला मोठा बदल विमा कंपनीला आधी कळवावा अशी अट बहुतेक पत्रांत असते. घर काही आठवडे रिकामे राहिले तर चोरी आणि पाणीगळतीचे संरक्षण थांबते, अशी अटही वारंवार आढळते. शिवाय बांधकाम पॉलिसी फक्त नव्या कामापुरती असते. खालचे जुने घर ‘मालकाची विद्यमान मालमत्ता’ म्हणून वेगळे नोंदवले नसेल, तर ते दोन्ही पत्रांच्या बाहेर राहू शकते.

‘ऑल रिस्क्स’ या नावामुळे मोठा गैरसमज होतो. या पॉलिसीत जे स्पष्टपणे वगळलेले नाही ते आकस्मिक नुकसान येते, आणि वगळलेल्या गोष्टींची यादी लांब असते. झीज, गंज, काम बंद पडल्यामुळे झालेली हानी, उशिराचा दंड, सामानाच्या मोजणीत आढळलेली तूट या गोष्टी त्या यादीत असतात. मात्र सर्वाधिक तंटे सदोष कामाच्या कलमावर होतात. ते नीट समजले तर बाकीची पॉलिसी वाचणे सोपे जाते.

प्रचलित साच्यात सदोष कारागिरी आणि सदोष आराखडा यांना वेगवेगळा न्याय आहे. कारागिरीच्या बाबतीत जो भाग चुकीचा केला तो दुरुस्त करण्याचा खर्च विमा कंपनी देत नाही. पण त्या चुकीतून अपघात होऊन बरोबर केलेल्या इतर भागांचे जे नुकसान झाले ते देते. आराखड्यातल्या चुकीमुळे झालेले सगळेच नुकसान मूळ पॉलिसी वगळते. जादा हप्ता भरून ‘आराखडाकाराची जोखीम’ असे पुष्टीपत्र जोडले, तरच परिणामी नुकसान परत आत येते.

उदाहरणार्थ, 60 चौरस मीटरचा, 15 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब ओतला जात आहे. काँक्रीट 9 घनमीटर, म्हणजे सळईसह साधारण साडेबावीस टन वजन, सेंटरिंगच्या टेकूंवर आहे. काही टेकू जोत्यातल्या नीट न ठोकलेल्या भरावावर, खाली फळी न देता उभे केले होते. ते ओलसर मातीत रुतले, भार शेजारच्या टेकूंवर गेला आणि एक कोपरा खाली आला. ओले काँक्रीट आणि बांधलेली सळई वाया गेली, खालची विटांची भिंत मोडली.

घराचा पूर्ण खर्च 100 धरू. काँक्रीट, सळई आणि त्यांची मजुरी मिळून 6, भिंत 1.5, मलबा हटवणे 1 आणि टेकू पुन्हा नीट उभारणे 0.5, असे एकूण 9 नुकसान झाले. टेकू उभारण्यातली चूक ही कारागिरीची, म्हणून 0.5 बाहेर. मलब्यासाठी वेगळी विमा रक्कम नोंदवावी लागते. ती नोंदवली नव्हती, म्हणून 1 बाहेर. उरले 7.5.

इथे मालकाची नेहमीची चूक आड येते. विमा रक्कम काम पूर्ण झाल्यावरच्या संपूर्ण किमतीएवढी हवी आणि तिच्यात मालकाने स्वतः आणून दिलेले सामानही हवे. या घराच्या खिडक्या आणि फरशा मालक स्वतः घेणार होता, म्हणून विमा फक्त कंत्राटाच्या रकमेवर, म्हणजे 80 वर काढला. दाव्याच्या वेळी फरशा आलेल्याही नव्हत्या, तरी प्रमाण लागतेच: 7.5 चे 80 टक्के म्हणजे 6. त्यातून विमाधारकाने सोसायची ठरलेली वजावट 1 गेली आणि हाती 5 आले. उरलेले 4 कोणी भरायचे, हे कंत्राटावर ठरते. कंत्राट मुके असेल तर मालक आणि कंत्राटदार यांच्यात वाद सुरू होतो.

हाच कोपरा टेकू काढल्यावर, तुळईत आराखड्यानेच सळई कमी दाखवल्यामुळे पडला असता, तर पुष्टीपत्राशिवाय बहुधा काहीच मिळाले नसते. तेव्हा मालकाला अभियंत्याच्या व्यावसायिक जबाबदारीच्या विम्याकडे वळावे लागते. म्हणून अपघातानंतर मलबा हलवण्याआधी टेकूंच्या तळाची, भरावाची आणि तुटलेल्या जागी दिसणाऱ्या सळईची छायाचित्रे काढणे फार गरजेचे आहे. कारण कारागिरीचे की आराखड्याचे, हे सर्वेक्षक याच खुणांवरून ठरवतो.

शेजाऱ्याच्या नुकसानीसाठी पॉलिसीचा दुसरा विभाग असतो. पाया खणताना आधार सुटून किंवा हादऱ्यांनी शेजारची भिंत तडकली, तर तो दावा मात्र बहुतेकदा वेगळ्या पुष्टीपत्राशिवाय मान्य होत नाही. त्यातही कामाआधी शेजारच्या इमारतीची स्थिती नोंदवलेली असावी लागते. मजुरांच्या दुखापतीसाठी स्वतंत्र विमा लागतो, आणि कंत्राटदाराची यंत्रे व सेंटरिंगचे साहित्य यादीत नोंदवल्याशिवाय संरक्षित नसते.

पॉलिसीवर नाव कोणाचे, हाही कळीचा मुद्दा आहे. कंत्राटदाराने ती केवळ स्वतःच्या नावे घेतली, तर मालकाला थेट दावा करता येत नाही. उलट ती फक्त मालकाच्या नावे असेल, तर विमा कंपनी पैसे देऊन नंतर कंत्राटदाराकडून वसुली करू शकते, आणि काम मध्येच अडते. दोघांच्या संयुक्त नावे, पोटकंत्राटदारांचा उल्लेख करून घेतलेली पॉलिसी हे दोन्ही प्रश्न टाळते. तिची प्रत आणि हप्ता भरल्याची पावती काम सुरू होण्याआधी मालकाच्या हाती असावी. कंत्राटदाराचे तोंडी आश्वासन पुरत नाही.

संरक्षण कधी संपते, याबाबतही गफलत होते. छापील मुदत उरली असली तरी घराचा जो भाग ताब्यात घेतला किंवा वापरात आणला त्यापुरती बांधकाम पॉलिसी तिथेच थांबते. तळमजल्यावर राहायला जाऊन वरचे काम चालू ठेवणाऱ्या मालकाने त्याच दिवसापासून तळमजल्याचा गृहविमा सुरू केला पाहिजे, आणि त्या गृहविम्याच्या कंपनीला वर काम चालू असल्याचे लेखी कळवले पाहिजे.