चारशेचा हॉल आणि 192 खुर्च्या

मंगल कार्यालय ठरवायला गेलं की पहिला आकडा ऐकू येतो तो माणसांचा. ‘आमचा हॉल चारशेचा आहे.’ हा आकडा कुठून येतो हे विचारलं, तर बहुतेक वेळा एवढंच कळतं की हॉल 60 फूट लांब आणि 40 फूट रुंद आहे. म्हणजे 2400 चौरस फूट. माणशी सहा चौरस फूट धरले की बरोबर चारशे. भागाकार चुकीचा नाही, पण त्या 2400 फुटांत स्टेज आहे, दारं आहेत आणि माणसांनी चालायची जागाही आहे. तिथे कुणी खुर्ची टाकून बसणार नसतं.

हाच हॉल आपण मोजून मांडून बघू. स्टेज 40 फुटांच्या भिंतीला लागून आहे, 12 फूट खोल. त्याच्यापुढे आठ फूट मोकळे हवेतच. नवरीला मामा घेऊन येतो ते इथून, अक्षता टाकायला लोक पुढे सरकतात ते इथे, आणि व्हिडिओवाल्याचा स्टँडही इथेच उभा राहतो. मागे दारापाशी पाच फूट सोडले की 60 पैकी 35 फूट उरतात. रुंदीत दोन्ही भिंतींलगत तीन-तीन फुटांच्या वाटा आणि मधोमध पाच फुटांची मोठी वाट ठेवली, की 29 फूट उरतात. म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला खुर्च्यांसाठी साडेचौदा फुटांचा एकेक पट्टा.

आता रांगा. दोन रांगांमधलं अंतर मोजताना एका खुर्चीच्या पाठीपासून मागच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत मोजायचं, कारण तेच अंतर पुन्हा पुन्हा येतं. ते तीन फूट ठेवावं. प्लॅस्टिकची खुर्ची पुढून मागे साधारण 22 इंच जागा खाते, म्हणजे तिच्यापुढे 14 इंच मोकळे राहतात. बसलेल्या माणसाने पाय आत घेतले, तर एवढ्यातून साडी नेसलेली बाई किंवा लहान मूल कडेवर घेतलेला माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत ही मोकळी फट किमान 12 इंच मागितली आहे, तीही रांगेत 14पर्यंत खुर्च्या असतील तर. रांग लांबली की फटही वाढवावी लागते.

35 फुटांत तीन-तीन फुटांच्या रांगा किती? 35ला तीनने भागून 11 म्हणाल, तर एक रांग हातची जाईल. रांगा 12 असल्या तरी त्यांच्यामधली अंतरं 11च असतात. 11 गुणिले तीन म्हणजे 33 फूट, वर शेवटच्या खुर्चीचे 22 इंच. 12 रांगा 35 फुटांत बसतात.

रुंदीत खुर्ची कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. बिनहाताच्या खुर्चीला 20 इंच धरले तर साडेचौदा फुटांत, म्हणजे 174 इंचांत, आठ खुर्च्या बसतात. दोन्ही पट्टे मिळून रांगेत 16, आणि 12 रांगांच्या 192. हाताची खुर्ची घेतली, तिला 24 इंच धरले, तर पट्ट्यात सातच बसतात आणि एकूण 168 होतात. पुढच्या रांगेत विहिणीसाठी आणि व्याह्यांसाठी सोफे टाकले की आकडा आणखी खाली येतो. म्हणून खुर्च्या कोणत्या येणार हे मंडपवाल्याला आधी विचारलेलं बरं.

हा हिशेब दुसऱ्या बाजूने पडताळता येतो. नुसत्या खुर्च्यांच्या बैठकीला वाटा धरून माणशी सुमारे सात चौरस फूट लागतात. आपला बैठकीचा भाग 35 गुणिले 40, म्हणजे 1400 चौरस फूट. सातने भागले तर 200. आपण मांडून काढले 192. सातचा भागाकार पटकन अंदाज घ्यायला चांगला आहे, फक्त तो बैठकीच्या भागाला लावायचा, अख्ख्या हॉलला नाही.

मग चारशे खुर्च्या खरंच बसत नाहीत का? बसतात. रांगांमधलं अंतर अडीच फूट करा, स्टेजपुढची मोकळी जागा काढून टाका आणि तिन्ही वाटा बुजवा. 43 फुटांत 17 रांगा, प्रत्येकीत 24 खुर्च्या, एकूण 408. पण आता खुर्चीपुढे फक्त आठ इंच मोकळे आहेत, आणि मधल्या माणसाला उठायचं असेल तर 11-12 जणांचे गुडघे ओलांडून भिंतीशी पोचायचं, जिथे वाटच नाही.

याचा अर्थ काय होतो हे दिल्लीत दिसलं आहे. 13 जून 1997 रोजी उपहार चित्रपटगृहात ट्रान्सफॉर्मरची आग लागली आणि धुराने गुदमरून 59 माणसं मेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना उजवीकडची वाट बंद केली गेली होती. वाटेत टाकलेली खुर्ची ही एका माणसाची सोय वाटते, पण ती मागच्या सगळ्या रांगांची वाट अडवते. कार्यालयात हे मुहूर्ताच्या आधीच्या अर्ध्या तासात घडतं. पाहुणे वाढतात, कोपऱ्यातल्या रचून ठेवलेल्या खुर्च्या निघतात आणि मधल्या वाटेत लागतात. घरच्या एखाद्या माणसाला फक्त या वाटेवर लक्ष ठेवायला सांगावं.

हाच हॉल व्याख्यानाला घेतला तर अडचण वेगळी असते. जमीन सपाट आहे. बसलेल्या माणसाचे डोळे साधारण चार फुटांवर असतात आणि पुढच्याचा माथा त्याहून पाच इंच वर. तो माथा तीन फुटांवर असेल, तर त्याच्यावरून जाणारी नजर दर तीन फुटांना पाच इंच चढत जाते. शेवटच्या रांगेपासून स्टेजची कड सुमारे 42 फूट. तिथवर ती नजर जवळजवळ दहा फुटांपर्यंत चढते. तीन फुटी स्टेजवर उभ्या वक्त्याचा चेहरा आठ फुटांच्या आसपास असतो, म्हणजे तो दिसतच नाही. माणूस मान वाकडी करतो, मग त्याच्या मागचाही करतो.

उपाय सोपा आहे. एकाआड एक रांग अर्ध्या खुर्चीने, म्हणजे 10 इंच सरकवायची. आता थेट समोरचा माथा सहा फुटांवर जातो, आणि त्याच्यावरून जाणारी नजर स्टेजपाशी सात फुटांच्या जरा खालीच राहते. उभा वक्ता दिसतो. बसून बोलणारा मात्र झाकलाच जातो, त्याला उंच आसन द्यावं लागेल. ही सरक आपल्या मांडणीत फुकट मिळते, कारण आठ खुर्च्यांना 160 इंच लागतात, पट्टा 174 इंचांचा आहे, आणि उरलेल्या 14 इंचांत 10 इंचांची सरक मावते. हाताच्या सात खुर्च्यांना 168 इंच लागतात. तिथे सरक दिली तर ती वाटेत जाते किंवा त्या रांगेतली एक खुर्ची काढावी लागते.

मोजायला टेप नसेल तर फरशी मोजावी. बऱ्याच कार्यालयांत दोन फुटी म्हणतात ती 60 सेंटिमीटरची फरशी असते. दोन रांगांमध्ये दीड फरशी, मधल्या वाटेला अडीच. ती दोन फुटांहून जराशी लहान असते, त्यामुळे 60 फुटांच्या हॉलमध्ये 30 फरशा मोजल्यात तर प्रत्यक्षात 59 फूटच मिळतात.

आणि पाहुणे अडीचशे असतील तर? रिसेप्शनला 192 खुर्च्या पुरतात, कारण लोक तीन तास येत-जात राहतात आणि निम्मे जेवणाच्या हॉलमध्ये असतात. मुहूर्ताला मात्र सगळे एकाच वेळी हजर असतात. तेव्हा उरलेल्या 58 जणांची सोय बाहेरच्या व्हरांड्यात, पडद्यासह, आदल्या दिवशीच करून ठेवावी.