०.५० चा प्रश्न चांगला, ०.८५ चा टाकाऊ : हा हिशेब आला कुठून?

आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असो की बँकेतल्या नव्या भरतीचं, शेवटच्या दिवशी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी ठरलेलीच. चाचणी झाली की प्रत्येक प्रश्नापुढे एक आकडा येतो : किती जणांचं उत्तर बरोबर आलं. चाळीसपैकी वीस जणांचं आलं तर ०.५०, चौतीस जणांचं आलं तर ०.८५. याला काठिण्य निर्देशांक म्हणतात. नाव फसवं आहे, कारण आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. मग कुणीतरी पुस्तकातला तक्ता काढतं. ०.३० ते ०.७० मधले प्रश्न ठेवायचे, ०.८० च्या वरचे ‘फार सोपे’ म्हणून काढून टाकायचे. मी स्वतः कित्येक वर्षं असंच करत आलो. हा तक्ता मुळात कुणासाठी बनला हे कळल्यावर मात्र मी प्रश्न टाकून देण्याआधी थांबायला लागलो.

सुरुवात अमेरिकेत झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे एक गोष्ट वारंवार दिसून आली होती : भूमितीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडे तपासायला पाठवली, तर कुणी शंभरपैकी तिसाच्या आत गुण देतं, तर कुणी नव्वदच्या वर. फ्रेडरिक केली यांनी १९१४ च्या सुमारास शिक्षकांच्या गुणदानातल्या याच तफावतीवर प्रबंध लिहिला आणि लगेच पुढच्या वर्षांत कॅन्सस राज्यातल्या शाळांसाठी मूकवाचनाची चाचणी तयार केली. बहुपर्यायी प्रश्नाचा छापील जन्म साधारण तिथलाच मानतात. तिच्यातला एक नमुना प्रश्न असा : खाली चार प्राण्यांची नावं आहेत, त्यांतल्या शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या नावाभोवती रेघ काढा. गाय, वाघ, उंदीर, लांडगा.

या प्रश्नाकडे नीट पाहा. वाघ, उंदीर आणि लांडगा यांपैकी एकाही पर्यायाकडे जाण्याचं कारण वाचता येणाऱ्या मुलाला नाही. केलींना इथे शेतीचं ज्ञान तपासायचंच नव्हतं. वाक्य वाचून समजलं का, एवढंच पाहायचं होतं आणि तपासणाऱ्याच्या मर्जीला जागा ठेवायची नव्हती. चुकीचा पर्याय तेव्हा केवळ रिकाम्या जागेची भर होता.

तीनच वर्षांनी चित्र बदललं. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या पुढाकाराने सैन्यभरतीत आल्फा आणि बीटा या चाचण्या आल्या. सुमारे सतरा लाख लोकांनी त्या दिल्या. त्यातला एक प्रश्न होता, ‘क्रिस्को म्हणजे काय?’ पर्याय : पेटंट औषध, जंतुनाशक, दंतमंजन, खाद्यपदार्थ. क्रिस्को हे तिथलं स्वयंपाकाचं वनस्पती तूप. ते घरात न पाहिलेल्या माणसाला चारही पर्याय सारखेच खरे वाटणार. म्हणजे ‘पटण्याजोगे’ चुकीचे पर्याय इथे छान जमले होते. पण मोजलं काय जात होतं, तर अमेरिकन किराणा दुकानाशी असलेली ओळख. बुद्धी मोजतो असा दावा करणाऱ्या चाचणीत नव्याने देशात आलेल्या माणसाचा गुण त्यामुळे गेला. पर्याय पटण्याजोगा असणं पुरेसं नसतं. जे तपासायचं आहे नेमकं त्यातल्याच अज्ञानाने माणूस तिकडे वळला पाहिजे.

मराठी शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत अशा पर्यायाला विकर्षक म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत त्याला सर्रास ‘चकवा’ म्हटलं जातं. मला तो शब्द खटकतो. चकवा वाट माहीत असलेल्यालाही भुलवतो. चांगला विकर्षक मात्र ज्याची वाट चुकली आहे त्यालाच ओढतो आणि ती कुठे चुकली हे दाखवून देतो.

पुढच्या वीस वर्षांत चाचण्या महाविद्यालयांच्या प्रवेशात शिरल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाढले. रेनॉल्ड जॉन्सन हे मिशिगनमधले विज्ञान शिक्षक. शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज जाते, हे हेरून त्यांनी गुण मोजणारं यंत्र बनवलं आणि १९३८ मध्ये आयबीएमने ते बाजारात आणलं. एकूण गुण आता झटपट निघत, पण कोणत्या प्रश्नाला कुणी कोणता पर्याय निवडला याची मोजदाद तरीही कष्टाचीच होती. म्हणून सगळ्या उत्तरपत्रिकांऐवजी एकूण गुणांत वरच्या आणि खालच्या गटातल्याच तपासायचा शॉर्टकट रूढ झाला. दोन्हीकडून किती घ्यायच्या, याचं गणित ट्रुमन केली या संख्याशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये मांडलं. (आडनाव मराठीत एकच दिसत असलं तरी हे केली वेगळे.) गट लहान घेतला तर दोन्ही टोकांतला फरक ठळक होतो पण माणसं कमी पडतात, मोठा घेतला तर उलट. गुणांची विभागणी घंटेच्या आकाराची धरली तर सुवर्णमध्य २७ टक्क्यांना येतो. वरच्या २७ टक्क्यांत बरोबर उत्तरांचं प्रमाण, त्यातून खालच्या २७ टक्क्यांतलं वजा : हा भेदकता निर्देशांक. तो ०.४० च्या वर असेल तर प्रश्न उत्तम, ०.२० च्या खाली गेला तर वाईट, ही प्रतवारी नंतर रूढ झाली.

आज आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही प्रश्न-विश्लेषण बहुधा याच चौकटीत होतं. कॉम्प्युटर सगळ्या उत्तरपत्रिका क्षणात मोजत असला तरी २७ टक्के सुटलेले नाहीत.

पण सैन्यभरती आणि प्रवेश परीक्षा यांचा हेतू माणसांना उतरंडीत लावणं हा होता. त्यासाठी अर्ध्यांना यावा आणि अर्ध्यांना येऊ नये, असाच प्रश्न सर्वांत कामाचा, कारण तो माणसांत सर्वाधिक फरक पाडतो. ०.५० च्या आसपासची ओढ तिथून आली. (अंदाजपंचे उत्तरांची भर धरली तर चार पर्यायांच्या प्रश्नात तो मध्य थोडा वर, ०.६ च्या पुढे सरकतो.) प्रशिक्षणाचा हेतू मात्र सगळ्यांना यावं हाच असतो. हा भेद रॉबर्ट ग्लेसर यांनी १९६३ मध्ये स्पष्ट मांडला : एक मापन माणसाची इतरांशी तुलना करतं, दुसरं ठरलेल्या कसोटीशी. १९६६ मध्ये कॉक्स आणि वर्गास यांनी त्याला साजेसा साधा आकडा वापरून पाहिला. प्रशिक्षणानंतर किती टक्क्यांचं बरोबर, त्यातून आधीचे टक्के वजा. माणसा-माणसातला फरक मोजण्याऐवजी त्याच माणसांत पडलेला फरक मोजायचा.

एका कल्पित तुकडीवर हे करून पाहू. चाळीस आरोग्यसेविका, विषय लसीकरण सत्र. प्रश्न पहिला : गोवर-रुबेलाच्या एमआर लसीच्या पावडरीत विद्रावक द्रव मिसळल्यावर ती किती वेळात वापरावी? आपल्याकडच्या नियमाप्रमाणे उत्तर ४ तास. विकर्षक : १० मिनिटे, २४ तास, २८ दिवस. प्रशिक्षणाआधी ४ तास म्हणणाऱ्या १६, २८ दिवस म्हणणाऱ्या १५, २४ तास म्हणणाऱ्या ७ आणि १० मिनिटे म्हणणाऱ्या २. नंतर अनुक्रमे ३४, ५, १ आणि शून्य.

नंतरचा काठिण्य निर्देशांक ०.८५. जुन्या तक्त्याने हा प्रश्न ‘फार सोपा’ ठरून बाद. पण आधी तो ०.४० होता, म्हणजे ०.४५ ची वाढ प्रशिक्षणाची. शिवाय उरलेल्या सहापैकी पाच जणी एकाच पर्यायावर आहेत, आणि तो मुद्दाम निवडलेला आहे. उघडलेली व्हायल, म्हणजे लसीची कुपी, २८ दिवसांपर्यंत वापरता येते हा नियम पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट, पोलिओची टोचायची आयपीव्ही अशा लसींसाठी खरा आहे. त्या पाच जणींनी नियम ऐकला, पण तो सगळ्या व्हायलींना लावला. एमआर आणि बीसीजी या विद्रावक मिसळून तयार करायच्या लसींत जंतुवाढ रोखणारं रसायन नसतं, म्हणून तिथे ४ तासांची मर्यादा. शिळी व्हायल टोचली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्या पाच जणींना पूर्ण सत्र पुन्हा नको, दोन्ही व्हायली समोर ठेवून दहा मिनिटं बोलणं हवं. १० मिनिटे हा पर्याय मात्र मेलेला आहे. एखादा पर्याय पाच टक्क्यांनीही निवडला नाही तर तो निकामी धरायचा, असा संकेत आहे. २४ तास हा पर्यायही नंतर एकीनेच निवडला, पण आधी सात जणींना त्याने ओढलं होतं, म्हणून तो ठेवायचा. १० मिनिटे काढून तीनच पर्याय ठेवायला हरकत नाही. रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ऐंशी वर्षांतले अभ्यास एकत्र पाहून हाच निष्कर्ष काढला : बहुतेक प्रश्नांना तीन पर्याय पुरतात, कारण चौथा-पाचवा क्वचितच कुणाला ओढतो.

प्रश्न दुसरा : गोठल्याने कोणती लस खराब होते? पेंटाव्हॅलंट, आयपीव्ही, ओपीव्ही, बीसीजी. उत्तरसूचीत पेंटाव्हॅलंट. प्रशिक्षणानंतर पेंटाव्हॅलंट २०, आयपीव्ही १४, ओपीव्ही ४, बीसीजी २. काठिण्य निर्देशांक नेमका ०.५०, तक्त्याप्रमाणे आदर्श. आता चाळीसचे २७ टक्के, म्हणजे वरच्या ११ आणि खालच्या ११ जणी वेगळ्या काढा. पेंटाव्हॅलंट वरच्या गटात ५, खालच्यातही ५. भेदकता शून्य. आयपीव्ही मात्र वरच्या गटात ६ आणि खालच्यात २. हुशार मुली एकगठ्ठा एका ‘चुकीच्या’ पर्यायाकडे गेल्या की चूक त्यांची नसते, हे मी आता डोळे झाकून सांगतो. गोठल्याने आयपीव्हीसुद्धा खराब होते. प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं होती आणि ज्यांना जास्त येत होतं त्यांतल्या अर्ध्याहून अधिक जणींचा गुण गेला.

या आकड्यांवर किती भार टाकायचा हेही पाहायला हवं. अकराच्या गटात एका बाईचं उत्तर इकडचं तिकडे झालं की भेदकता ०.०९ ने हलते. म्हणून ०.२५ आणि ०.३५ यांच्यातल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं तरी भेदकता शून्यच येते आणि प्रशिक्षणासाठी ती आनंदाची गोष्ट आहे. आधीच्या आणि नंतरच्या चाचणीतल्या वाढीलाही फसायला जागा आहे. प्रशिक्षकाने वर्गात प्रश्नाचंच वाक्य बोलून दाखवलं असेल तर वाढ भरघोस दिसते. खात्री करायची तर तीच गोष्ट प्रसंगातून विचारावी : सकाळी साडेनऊला एमआर तयार केली, दुपारी दोनला बाळ आलं, काय कराल? पहिला प्रश्न ०.८५ वर आणि हा ०.५० वर राहिला, तर ‘४ तास’ हे शब्द पाठ झालेत, नियम पोचलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नात आयपीव्हीच्या जागी एमआर घालावी. गोठल्याने तिचं नुकसान होत नाही आणि ‘नाजूक लस’ म्हणून तिच्याकडे वळणाऱ्या सापडतात. मात्र ते पुढच्या तुकडीसाठी. या तुकडीत आयपीव्ही निवडणाऱ्या १४ जणींना आधी गुण द्यायचा आणि निकाल पुन्हा लावायचा.