तुळई तीच, प्रश्न बदलला की पद्धत बदलते

एक टोक भिंतीत घट्ट बसवलेली आणि दुसरं मोकळं असलेली, ४ मीटर लांबीची पोलादी तुळई घ्या. भिंतीकडचे २ मीटर जाड आहेत, मोकळ्या टोकाकडचे २ मीटर बारीक. बारीक भागाचा वाकण्याला होणारा विरोध, म्हणजे EI, १०,००० किलोन्यूटन-चौरस मीटर आहे. जाड भागाचा त्याच्या दुप्पट. मोकळ्या टोकाला १० किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन वजन टांगलं. टोक किती खाली येईल?

पहिल्यांदा सगळ्यांना डबल इंटिग्रेशन आठवतं, कारण ते पहिल्यांदा शिकवलेलं असतं. बेंडिंग मोमेंटला EI ने भागलं की त्या जागी तुळई किती वळली आहे ते कळतं. त्याचं एकदा इंटिग्रेशन केलं की उतार मिळतो, दुसऱ्यांदा केलं की खाली येणं. पण इथे मधे जाडी बदलते, म्हणून समीकरणं दोन आणि स्थिरांक चार. दोन स्थिरांक भिंतीपाशी सुटतात, कारण तिथे उतारही शून्य आणि खाली येणंही शून्य. उरलेले दोन सोडवायला जोडावर दोन्ही भागांचा उतार आणि उंची जुळवावी लागते. उंची जुळवली आणि उतार विसरला, हीच चूक इथे सर्रास होते. मग कागदावर तुळईला जोडापाशी कोपरा पडतो. एवढा खटाटोप फक्त एका टोकासाठी!

मोमेंट-एरिया पद्धत इथे फार सोपी पडते. मोमेंट भागिले EI यांचा आलेख काढा. बारीक भागात तो शून्यापासून ०.००२ पर्यंत चढणारा त्रिकोण आहे. जोडावर EI दुप्पट होतो, म्हणून आलेख एकदम ०.००१ वर येतो आणि भिंतीपर्यंत पुन्हा ०.००२ होतो. आता प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या गुरुत्वमध्याचं मोकळ्या टोकापासूनचं अंतर. त्रिकोणाचे २.६७ मिलिमीटर येतात. जाड भागातल्या आयताचे ६ आणि त्यावरच्या छोट्या त्रिकोणाचे ३.३३. बेरीज १२ मिलिमीटर.

हे इतकं सरळ झालं त्याचं कारण भिंत आहे. ही पद्धत खरं तर एका जागच्या स्पर्शरेषेपासून दुसरा बिंदू किती ढळला ते सांगते. भिंतीपाशी स्पर्शरेषा आडवीच असते, म्हणून ढळणं म्हणजेच खाली येणं. दोन टेकूंवरच्या तुळईत टेकूपाशीही उतार असतो. तिथे हाच आकडा उत्तर म्हणून लिहिला तर तो चुकतो. आधी टेकूचा उतार काढावा लागतो. तुळई सारख्या जाडीची आणि भार बरोबर मधोमध असेल तर मध्याची स्पर्शरेषा आडवी मिळते आणि पुन्हा काम सोपं होतं.

आता प्रश्न बदलू: टोक नको, जोड किती खाली येतो ते सांगा. ऊर्जेच्या पद्धतीतला कॅस्टिग्लियानोचा प्रमेय (१८७३) सांगतो की साठलेल्या ऊर्जेचं भाराच्या संदर्भात डिफरन्शिएशन केलं की त्या भाराखालचं विस्थापन मिळतं. टोकासाठी ते १२ मिलिमीटरच देतं. पण जोडावर भारच नाही. तिथे खोटा भार Q लावायचा, डिफरन्शिएशन करायचं आणि मगच Q शून्य करायचा. आधीच शून्य केला की हाती काहीच उरत नाही. एवढं करण्यापेक्षा मी सरळ युनिट लोड घेतो: जोडावर १ किलोन्यूटन ठेवा, त्याचा मोमेंट m आणि खऱ्या भाराचा मोमेंट M यांचा गुणाकार EI ने भागून इंटिग्रेट करा. हा एककाचा भार बारीक भागात मोमेंट देतच नाही, म्हणून फक्त जाड भाग उरतो आणि उत्तर येतं ३.३३ मिलिमीटर. नीट पाहिलं तर दोन्ही पद्धतींत इंटिग्रल एकच आहे, मांडणी तेवढी वेगळी.

मग डबल इंटिग्रेशन टाकून द्यायचं का? छे. दोन टेकूंवरची, सगळीकडे सारख्या जाडीची ६ मीटरची तुळई घ्या आणि डाव्या टेकूपासून ४ मीटरवर भार ठेवा. ती सर्वांत जास्त खाली कुठे येईल? भाराखाली नाही, डावीकडून ३.२७ मीटरवर. ही जागा आधी माहीत नसल्यामुळे युनिट लोड नेमका कुठे ठेवायचा हेच कळत नाही. इथे पूर्ण वक्राचं समीकरणच हवं. मॅकॉलेच्या १९१९ सालच्या, भाराच्या आधी शून्य धरायच्या कंसांनी ते एका ओळीत आणि दोनच स्थिरांकांत बसतं. उतार शून्य कुठे होतो ते शोधलं की काम झालं.

पहिल्या तुळईचे १२ मिलिमीटर तपासायला मात्र यातली कुठलीच पद्धत पुन्हा चालवावी लागत नाही. पूर्ण तुळई बारीक असती तर टोक २१.३ मिलिमीटर खाली आलं असतं, पूर्ण जाड असती तर १०.७. उत्तर या दोहोंच्या मधेच हवं, आणि ते जाडच्या बाजूला झुकलेलं हवं, कारण मोमेंट मोठा असतो तो भिंतीकडच्या अर्ध्या भागातच.