कर्जाचा व्याजदर आणि वॅक: नवीन मशीन कोणत्या दराने तोलायचं?

जळगाव एमआयडीसीत आमच्या मामांची डाळ मिल आहे. मागच्या महिन्यात त्यांनी सॉर्टेक्सचं कोटेशन माझ्यापुढे ठेवलं. हे मशीन कॅमेऱ्याने दाणा न दाणा बघतं आणि काळा, डागी दाणा दिसला की हवेच्या झोताने बाहेर उडवतं, त्यामुळे तूरडाळीला भाव चांगला मिळतो. किंमत 40 लाख. मामा म्हणे, "बँक मिलच्या जागेवर पूर्ण पैसा देतेय दहा टक्क्यांनी, मशीन पावणे अकरा टक्के काढून देतंय, मग अडचण काय आहे भो?"

आकडा बरोबर होता. टॅक्स भरून दरवर्षी पावणे अकरा लाख हाती, पाच वर्षं, नंतर मशीनची किंमत शून्य धरली, तर परतावा साधारण 10.7 टक्के येतो. चूक होती ती दहा टक्क्यांशी तुलना करण्यात.

कर्जाचा दर म्हणजे बँक तिच्या पैशाचं काय घेते ते. वॅक म्हणजे भांडवलाचा भारित सरासरी खर्च, मिलमध्ये अडकलेला सगळा पैसा, बँकेचा आणि घरचा, मिळून किती कमाई मागतो ते. घरच्या पैशाचा हप्ता जात नाही म्हणून तो फुकट वाटतो, पण तसं नाही ना! मी मामांना विचारलं, शेजारच्या मिलमध्ये नुसता पैसा टाकून पार्टनर झालात तर किती टक्के मागाल? ते म्हणे सोळाच्या खाली हात नाही घालणार. झालं, हाच त्यांच्या स्वतःच्या पैशाचा खर्च.

आता मिलचा हिशोब. आजच्या किमतीने 2 कोटींचा धंदा, त्यात 1.2 कोटी घरचे, 80 लाख बँकेचे. (वह्यांमधली किंमत नाही धरायची, प्लॉट वीस वर्षांपूर्वीच्या भावाने लिहिलेला असतो.) मिल कंपनीच्या नावावर आहे, टॅक्स साधारण 25 टक्के, आणि व्याजावर टॅक्स वाचतो म्हणून दहाचं कर्ज खरं साडेसातला पडतं.

```
0.60 × 16 + 0.40 × 7.5 = 9.6 + 3.0 = 12.6
```

12.6 टक्क्यांनी पाच वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणले तर ते 38.2 लाख होतात, म्हणजे 40 लाख देऊन 1.8 लाखाचा घाटा. हेच दहा टक्क्यांनी केलं तर पाऊण लाख फायदा दिसतो. मशीन तेच, पट्टी बदलली की उत्तर उलटं.

मामांना पटेना. पैसा तर सगळा बँकेचाच लागतोय, मग माझे सोळा टक्के मधे कुठून आले? खरी गोम इथेच आहे. बँक सॉर्टेक्सकडे बघून पैसे देत नाही, मिलमध्ये 1.2 कोटी घरचे आहेत म्हणून देते. ती ताकद या मशीनला वापरली की कर्जाची जागा भरली, मग दोन वर्षांनी 14 टक्के देणारी पॅकिंग लाइन आली तर ती घरच्या पैशातून घ्यावी लागेल, आणि सोळाच्या पट्टीवर ती नापास! म्हणजे 10.7 वालं घेतलं न 14 वालं सोडलं. म्हणून पैसा यावेळी कुठल्या खिशातून येतोय ते न बघता प्रत्येक मशीनला एकच अट लावायची. शिवाय कर्ज वाढलं की तुरीचा भाव पडलेल्या वर्षीही हप्ता भरावाच लागतो, मालकाची जोखीम वाढते, मग मालक सोळावर थांबत नाही. मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थतज्ज्ञांनी 1958 मध्ये हेच मांडलं होतं.

एक घोळ मात्र हमखास होतो. सीए बँकेसाठी जो प्रोजेक्ट रिपोर्ट बनवतात त्यात व्याज वजा केलेलं असतं, कारण बँकेला हप्ता निघतो का ते बघायचं असतं. तेच आकडे उचलून वॅक लावला तर व्याज दोनदा कापलं जातं आणि चांगलं मशीनही नापास होतं. तुमच्या शीटमध्ये व्याजाची ओळ दिसली की ती काढा, आणि टॅक्सही व्याज नसल्यासारखा मोजा, व्याजाची टॅक्स बचत साडेसातमध्ये आधीच आलेली आहे.

आणि हे 12.6 डाळ मिलचं आहे हं. उद्या मामांनी सावद्याला केळी पिकवायचे चेंबर टाकायचं म्हटलं तर हा आकडा चालणार नाही, तिथली जोखीम वेगळी, तिथे कर्ज किती पेलेल तेही वेगळं, त्या धंद्याचा वॅक नव्याने काढायचा.

मामा शेवटी डीलरकडे परत गेले. 38 लाखाच्या आत देत असशील तर बोल म्हणे, नाहीतर राहू दे.