घ की ध : यंत्राला शिरोरेघ कशी सापडते

'घन' आणि 'धन' हे दोन शब्द कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. दोन्हींच्या पहिल्या अक्षराचं पोट जवळपास सारखंच असतं आणि उजवीकडचा दंडही सारखाच. फरक आहे तो डोक्यावर. घ ची शिरोरेघ डावीकडून उजवीकडे सलग जाते. ध ला डावीकडे छोटी गाठ असते, मग थोडी फट, आणि रेघ फक्त दंडावर. आपण हा फरक न बघितल्यासारखा बघतो. यंत्राला मात्र तो आकड्यांतून शोधून काढावा लागतो, आणि कन्व्होल्युशनल नेटवर्क नावाची रचना तो कसा शोधते हे समजायला ही दोन अक्षरं पुरेशी आहेत.

हस्तलिखित अक्षराचा फोटो लहान करून ३२ × ३२ चौकटींचा केला असं धरू. नेपाळमधल्या संशोधकांनी २०१५ साली देवनागरी हस्ताक्षरांचा जो मोठा संग्रह खुला केला, त्यात ३६ व्यंजनं आणि १० अंकांची ९२ हजार चित्रं याच मापाची आहेत. चित्र म्हणजे १०२४ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत तिथला उजेड सांगणारा एक आकडा: पूर्ण काळ्याला ०, पूर्ण पांढऱ्याला २५५. सोयीसाठी आपला कागद २०० आणि शाई ४० धरू. यंत्राकडे एवढंच आहे. रेघ, गाठ, दंड असलं काहीही त्या आकड्यांत लिहिलेलं नाही.

आता फिल्टर. फिल्टर म्हणजे आकड्यांची एक छोटी चौकट, बहुतेक वेळा ३ × ३ ची. उदाहरणार्थ ही:

```
 १   १   १
 ०   ०   ०
-१  -१  -१
```

ही चौकट चित्राच्या एका तुकड्यावर ठेवायची, फिल्टरचा प्रत्येक आकडा त्याच्याखाली आलेल्या चित्राच्या आकड्याशी गुणायचा आणि नऊही गुणाकारांची बेरीज करायची. मग चौकट एक घर उजवीकडे सरकवून पुन्हा तेच. ओळ संपली की एक घर खाली. वरच्या फिल्टरचा प्रश्न एकच असतो: वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा किती उजळ आहे?

गणिताच्या चौकटीच्या वहीत हे हातानं करून बघण्यासारखं आहे. कोऱ्या कागदावर फिल्टर ठेवला, तर वरच्या ओळीचे ६०० आणि खालच्या ओळीचे ६००, वजाबाकी शून्य. शिरोरेघेच्या वरच्या काठावर ठेवला, तर वर कागद म्हणजे ६००, खाली शाई म्हणजे तीन वेळा ४०, १२०. उत्तर ४८०. फिल्टर जोरात बोलला. आता तोच फिल्टर दंडाच्या डाव्या काठावर न्या. तिथे प्रत्येक ओळीत दोन घरं कागदाची आणि एक शाईचं, म्हणजे वर ४४० आणि खालीही ४४०. उत्तर पुन्हा शून्य. एवढा ठसठशीत काळा दंड समोर असून या फिल्टरला तो दिसत नाही, कारण तो फक्त आडवा काठ शोधतो. उभ्यासाठी हीच चौकट आडवी फिरवून वेगळा फिल्टर लागतो, तिरक्यासाठी आणखी वेगळा.

फिल्टरच्या आकड्यांची बेरीज शून्य आहे, ही बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सगळ्या फोटोत उजेड ३० नं वाढला तरी वरच्या ओळीत ९० वाढतात, खालच्या ओळीतूनही ९० वजा होतात, उत्तर जिथल्या तिथे. त्यामुळे हा फिल्टर उजेडाकडे बघतच नाही, उजेडातल्या बदलाकडे बघतो. आणि आकार असतो तो बदलातच. घ च्या पोटातला कोरा कागद आणि बाहेरचा कोरा कागद यांत काही फरक नाही, सगळं अक्षर काठांवर आहे.

पण खरा कागद इतका स्वच्छ नसतो. शाईचा एखादा ठिपका फिल्टरच्या खालच्या ओळीत आला, तर ६०० मधून ४४० वजा होऊन १६० उरतात. यंत्राला तो काठाचा तुकडा वाटू शकतो. म्हणून प्रत्येक फिल्टरला एक उंबरठा जोडलेला असतो. समजा तो २०० आहे. आलेल्या उत्तरातून २०० वजा करायचे आणि उरलेलं ऋण असेल तर सरळ शून्य धरायचं. शिरोरेघेचे ४८० मधून २८० उरतात, ठिपक्याचं शून्य होतं. शिरोरेघेच्या खालच्या काठावर मुळातच उणे ४८० येतात, तेही शून्य होतात. तो काठ हवा असेल तर उलट्या चिन्हांचा दुसरा फिल्टर ठेवायचा.

फिल्टर सगळ्या चित्रावरून फिरला की ३० × ३० उत्तरांचा एक नकाशा तयार होतो. घ वरून आपला आडवा फिल्टर फिरवून तो नकाशा चित्र म्हणून पाहिला, तर दंड नाहीसा झालेला असतो आणि वर शिरोरेघेचा चमकता पट्टा, खाली पोटाच्या वळणांचे पुसट तुकडे एवढंच उरतं. हे करायला लागले ते फक्त दहा आकडे: फिल्टरचे नऊ आणि उंबरठ्याचा एक. तेच दहा आकडे नऊशे ठिकाणी वापरले. प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र आकडे द्यायचे आणि प्रत्येकाला सगळं चित्र बघायला लावायचं ठरवलं असतं, तर ९०० × १०२४ म्हणजे नऊ लाखांवर आकडे शिकावे लागले असते. शिवाय कुणी अक्षर दोन घरं खाली लिहिलं की शिकलेलं वाया. फिरता फिल्टर शिरोरेघ कुठेही असली तरी गाठतो.

मग फिल्टरमधले आकडे कोण ठरवतं? वर मी ते हातानं लिहिले, पण खऱ्या नेटवर्कमध्ये कुणीच लिहीत नाही. जपानच्या कुनिहिको फुकुशिमांनी १९८० साली असे फिल्टर एकामागोमाग एक थरांत लावण्याची रचना मांडली होती. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये यान लकून आणि सहकाऱ्यांनी टपालाच्या पाकिटांवरचे हाती लिहिलेले पिनकोडचे अंक वाचणारं नेटवर्क केलं, त्यात पहिल्या थरातले १२ फिल्टर, प्रत्येकी ५ × ५ चे, उदाहरणांवरूनच शिकले होते. सुरुवातीला फिल्टरमध्ये वाटेल ते आकडे भरलेले असतात. चित्र दाखवायचं, उत्तर घ्यायचं, चूक मोजायची. मग त्या चुकीत प्रत्येक आकड्याचा वाटा किती हे शेवटच्या थरापासून मागे मागे हिशेब करत काढायचं, आणि प्रत्येक आकडा चूक कमी होईल त्या दिशेला किंचित सरकवायचा. हे हजारो वेळा. काठ शोध असं कुणी सांगत नाही, तरी काठ शोधणारे फिल्टर तयार होतात, कारण चूक कमी करायचा तो सोपा मार्ग असतो. २०१२ मध्ये गाजलेल्या, फोटोतल्या वस्तू ओळखणाऱ्या अ‍ॅलेक्सनेटच्या पहिल्या थरातले ९६ फिल्टर चित्र म्हणून छापले गेले, तेव्हा त्यांत वेगवेगळ्या दिशांना झुकलेले पट्टे आणि रंगांचे डाग दिसले. मेंदूचे संशोधक ह्यूबेल आणि वीझल यांना १९५०च्या दशकाअखेर मांजराच्या मेंदूत अशाच पेशी सापडल्या होत्या. ठिपके दाखवून पेशी ढिम्म होती, आणि काचेची पट्टी यंत्रात सरकवताना पडद्यावर तिच्या काठाची सावली सरकली तेव्हा ती तडतडली.

आता पुन्हा घ आणि ध कडे. पहिल्या थराला फक्त एवढंच कळलंय की कुठे आडवा काठ आहे, कुठे उभा. दुसऱ्या थराचे फिल्टर चित्राकडे बघत नाहीत, या नकाशांकडे बघतात. त्याआधी नकाशा लहान करतात: दोन बाय दोनच्या प्रत्येक गटातलं सर्वांत मोठं उत्तर ठेवायचं, बाकीची सोडायची. ३० × ३० चा १५ × १५ होतो आणि हात थोडा हलला तर फारसं बिघडत नाही. दुसऱ्या थरातल्या एका फिल्टरला आडव्या काठांच्या नकाशात डावीकडे उणे एक आणि उजवीकडे अधिक एक असे आकडे मिळाले असं समजा. सलग शिरोरेघेच्या मधोमध त्याला २८० उणे २८०, शून्य मिळेल. जिथे डावीकडे फट आणि उजवीकडे रेघ, तिथे २८०. म्हणजे हा फिल्टर 'इथे रेघ सुरू होते' असं सांगतो.

पण एवढ्यानं काम भागत नाही, कारण घ ची रेघसुद्धा कुठेतरी सुरू होतेच. दोन्ही अक्षरांत हा फिल्टर बोलतो, घ मध्ये अगदी डाव्या टोकाला आणि ध मध्ये दंडाच्या जरा अलीकडे. निर्णय होतो तो 'कुठे' आणि 'कशाच्या शेजारी' यावर. तिसऱ्या थराआधीही नकाशा असाच लहान केला, तर त्या थराच्या एका फिल्टरला मूळ चित्राचा १८ × १८ चा तुकडा दिसतो, आणि तेवढ्यात गाठ, फट आणि रेघेची सुरुवात एकत्र मावतात. नकाशा लहान करण्याचा हव्यास धरला, तर नेमकं हे 'कुठे'च पुसलं जातं. आणि मूळ फोटो लहान करतानाच फट एका घराहून अरुंद झाली असेल, तर पुढचा कुठलाही फिल्टर ती परत आणू शकत नाही.

सगळ्यात चिवट चूक येते ती रेघी वहीतून. आपण देवनागरी अक्षरं छापील रेघेला टांगून लिहितो, म्हणजे ध च्या फटीतून वहीचीच रेघ जाते. फिकट निळ्या रेघेचा उजेड १५० असेल, तर ६०० उणे ४५० म्हणजे १५०, उंबरठ्याखाली, काही बिघडत नाही. मंद उजेडात काढलेल्या फोटोचा ठळकपणा वाढवला आणि तीच रेघ १२० वर आली, तर ६०० उणे ३६० म्हणजे २४०. उंबरठा ओलांडून ४० उरतात, फटीत पुसटसा पूल तयार होतो आणि ध चा घ होऊ लागतो.

असं होतंय का, हे तपासायची एक साधी रीत आहे. चित्राच्या एकेका भागावर करडा चौकोन ठेवायचा आणि प्रत्येक वेळी नेटवर्कचा स्वतःच्या उत्तरावरचा विश्वास किती घसरतो ते बघायचं. ध च्या डावीकडची गाठ आणि फट झाकल्यावर विश्वास कोसळला, तर नेटवर्क योग्य जागी बघतंय. तो भाग झाकूनही ते तितक्याच ठामपणे 'ध' म्हणत असेल, तर त्याला दुसरीच कसली तरी खूण सापडली आहे, कदाचित शिकवणीच्या चित्रांतले सगळे ध एकाच वहीतून आले असतील. मग कोऱ्या कागदावरचे, रेघी वहीतले, शिरोरेघ न देता घाईनं लिहिलेले असे घ आणि ध गोळा करून शिकवणी पुन्हा घ्यावी लागते.