आजारपणामुळे टेस्ट चुकली? नवी तारीख घेण्याआधी हे वाचा

पक्क्या लायसनच्या टेस्टला आजारपणामुळे जाता आलं नाही, तर आधी तुमचं लर्निंग लायसन हातात घ्या आणि त्याची मुदत कधी संपते ते पाहा. लर्निंग सहा महिनेच चालतं आणि टेस्ट त्या मुदतीत द्यावी लागते. डॉक्टरच्या दाखल्याने ही मुदत वाढत नाही. बरेच जण इथेच फसतात.

समजा, लर्निंग १२ जानेवारीला निघालं. ते ११ जुलैपर्यंत चालेल. तालुक्याच्या कॅम्पची तारीख ३ जुलैची होती आणि नेमका त्याच आठवड्यात डेंग्यू झाला. पुढचा कॅम्प ऑगस्टमध्ये असेल, तर त्याची वाट पाहत बसू नका. तोवर लर्निंग संपलेलं असेल. मग लर्निंग नव्याने काढा, त्याची फी भरा आणि टेस्टसाठी पुन्हा किमान ३० दिवस थांबा. त्यापेक्षा ११ जुलैच्या आत जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे यवतमाळ, वाशीम, गोंदिया जिथलं असेल त्या परिवहन कार्यालयात, तारीख मिळते का ते बघा. एस.टी.चं भाडं नव्या लर्निंगच्या कटकटीपेक्षा स्वस्तच पडतं.

टेस्टचा दिवस अजून उजाडला नसेल आणि ताप आधीच आला असेल, तर sarathi.parivahan.gov.in वर Appointments मध्ये जाऊन जुना स्लॉट रद्द करा आणि नवा घ्या. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख लागते. ओटीपी अर्जात दिलेल्या मोबाइलवरच येतो, त्यामुळे तो नंबर चालू ठेवा.

दिवस उलटून गेला असेल, तर त्याच साइटवर नवी तारीख घेऊन पाहा. जुनीच तारीख अडकून दिसत असेल, तर कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यावा लागेल. अर्ज लांबलचक नको:

«माझा अर्ज क्र. … असून दि. ३ जुलै रोजी चाचणी होती. डेंग्यूमुळे मी हजर राहू शकलो नाही. वैद्यकीय दाखला जोडला आहे. माझ्या शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत दि. ११ जुलैपर्यंत आहे. त्यापूर्वीची तारीख मिळावी, ही विनंती.»

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. घाई का आहे, ते साहेबांना त्यातूनच कळतं. सोबत दाखला, लर्निंगची आणि फीच्या पावतीची झेरॉक्स लावा. दाखल्यावर आजाराच्या तारखा, डॉक्टरचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. टेस्टचा दिवस त्या तारखांमध्ये येत नसेल, तर दाखल्याचा उपयोग नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.

गैरहजर राहणं म्हणजे नापास होणं नव्हे. नापास झालेल्याला पुन्हा टेस्ट द्यायला सात दिवस थांबावं लागतं. स्क्रीनवर तुमच्या नावापुढे चुकून Fail दिसलं, तर त्याच अर्जात तेही लिहा आणि दुरुस्ती मागा.

नवी तारीख मिळाली की स्लॉटची पावती छापून घ्या. तारीख घ्यायला आमच्या केंद्रावर येताना लर्निंग, फीची पावती आणि ओटीपी येणारा मोबाइल घेऊन या.